कळंबला, न उरलेल्या घरी

शुक्रवार : चिपळूण ते पिंपळी

कळंबला जायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो काय न्यायचं याचा. माणूस गेलेल्या घरी काय न्यावं, काय नेऊ नये, किती वेळ बसावं, चहा घ्यावा की नाही, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं, गप्प उठायचं, हेही लहान पोराला ठाऊक असतं. पण घरच गेलेल्या माणसाकडे कसं जायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी दोन चादरी घेतल्या. बायकोनं तिचा रोजच्या वापरातला लोखंडी तवा घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. मी म्हटलं, नवा घेऊ की वाटेत. ती म्हणाली, “नव्या तव्यावर भाकरी चिकटते. दोन महिने जातात तो वळणावर यायला. संगीताला आधीच कमी त्रास आहे का?” तवा मी तोलून पाहिला. दीड किलोला थोडा कमी भरला.

मिलिंद हा माझा पुण्याच्या हॉस्टेलातला मित्र. पदविकेची तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. तो इंदापूरच्या आयटीआयमध्ये शिकवतो, आणि कळंबला घरची दोन एकर जमीन सांभाळतो. मी चिपळूणला पाणीपुरवठ्यात आहे, मीटरचे आकडे आणि पाण्याचा हिशेब जुळवणं हे माझं काम. अठ्ठावीस वर्षांच्या मैत्रीत त्यानं मला कधी ‘येऊ नको’ म्हटलं नव्हतं. या वेळी म्हणाला.

घर जळाल्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते. पहिल्या दिवशी मी फोनवर जे सगळे बोलतात तेच बोललो : माणसं वाचली हे महत्त्वाचं. तो ‘व्हय’ म्हणाला. आग कशानं लागली विचारलं, तर म्हणाला, वायरिंगचं काहीतरी. दोन दिवसांनी आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, कारण समजलेलं नाही. त्यानंतर त्याची बायको, संगीतावहिनी, माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या की शेजारच्या तात्यांनी उसाचं पाचट जाळलं, त्याच्या ठिणग्या आल्या. एका आगीची तीन कारणं. आमच्या कामात एका मीटरचे तीन आकडे आले की मी तिन्ही खोटे धरतो आणि स्वतः जाऊन बघतो. मित्राच्या दुःखाकडेही मी त्याच सवयीनं निघालो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

सकाळी सव्वासहाची गाडी. कुंभार्ली घाट, कराड, सातारा, फलटण. घाट चढेपर्यंत फणसाची झाडं सोबतीला होती. फलटण ओलांडल्यावर जमीन हातरुमालासारखी सपाट पसरली. कोकणात एका घरातून दुसरं घर दिसत नाही, मधे झाडी असते. इथं एक कोसावरचा माणूस काय करतोय ते दिसतं. आणि मार्च असल्यामुळे जिथं तिथं तोडलेल्या उसाची रानं, त्यांत वाळलेल्या पाल्याचा थर. त्यालाच पाचट म्हणतात. कुठं ते पिवळं होतं, कुठं जाळून काळं केलेलं. फलटण ते बारामती अशी काळी रानं मी मोजली. एकोणीस.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी बारामतीच्या स्टँडवर उतरलो. जवळच्या एका फोटोच्या दुकानात मोबाइलमधले चार फोटो कागदावर काढून घेतले. मिलिंदनं घर बांधून पूर्ण केलं तेव्हा आम्ही सहकुटुंब आलो होतो, त्या दिवसाचे. एकात ओटा आणि लिंबाचं झाड, एकात बैठकीची खोली, एकात स्वयंपाकघर, एकात मागचं अंगण. हे फोटो द्यावेत की देऊ नयेत, याचा निर्णय मी राखून ठेवला.

संगीतावहिनींचा भाऊ अनिल मार्केट यार्डात भाजीच्या गाळ्यावर काम करतो. तो मला न्यायला आला. रात्र त्याच्याकडे पिंपळीला काढायची आणि सकाळी कळंब, असं ठरलं होतं. त्यानं मला गाडीवर बसवायच्या आधीच विषय काढला.

“भावजी, तुमी शिकलेलं हाय. दाजींना समजवा. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची हाय तात्यावर, आन् दाजी सही करंनात.”

का करत नाहीत, असं विचारलं.

“त्येच कळंना. सोताचं घर जळलं आन् तोंड उघडंना माणूस. वर घराच्या जाग्याला कुंपान घालून कुलूप लावलंय. जेसीबी बोलावला हुता मी राख उचलायला, हाकलून दिला.”

पिंपळीला त्याच्याकडे जेवायला वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणी आमच्यापेक्षा दुप्पट तिखट आणि चहा आमच्यापेक्षा दुप्पट गोड. जेवण उत्तम होतं, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. जळालेल्या जागेला कुलूप कशाला? राखेची राखण कोण करतं? ज्याला राखेत काही सापडू द्यायचं नसतं तो.

असा विचार मी माझ्या मित्राबद्दल केला.

शनिवार : गिरणीमागच्या खोल्या

भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन अशी गावं घेत एसटी वालचंदनगरला पोचते. तिथून कळंब जवळ आहे. माझ्या शेजारी बसलेल्या धोतरवाल्या गृहस्थांना मी कुठं चाललो ते सांगितलं, तर ते म्हणाले, त्या मास्तरचं घर व्हय, त्येनंच लावली म्हणत्यात, इम्याच्या पैशापायी. विमा होता का, असं मी विचारलं. म्हणाले, आसंल की, त्याबिगर कोण लावतंय. पुढच्या स्टॉपला ते उतरून गेले. मी वहीत लिहिलं : विमा, विचारणे.

मिलिंद आणि वहिनी पिठाच्या गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहत होते. गिरणी सुरू असली की बोलणं थांबायचं, बंद झाली की पुढं चालू व्हायचं. मिलिंद दारात उभा होता. अंगातला शर्ट त्याचा नव्हता, खांद्यावर दोन बोटं जास्त होता. मी मिठी मारली, त्यानं मारू दिली.

वहिनींना तवा दिला. त्यांनी कागद उलगडला, तव्याच्या मधल्या काळ्या, गुळगुळीत भागावरून बोट फिरवलं आणि तो घेऊन आत गेल्या. तवा मात्र चुलीवर चढला नाही. अकरा दिवस झाले तरी त्या घरी भाकरी थापत नव्हत्या. गॅस मिळाला होता, भांडी मिळाली होती. “इच्छा होत न्हाय,” एवढंच म्हणाल्या.

दुपारी एक म्हातारी बाई फडक्यात बांधलेली भाकरी आणि कालवणाचा डबा दारात ठेवून गेली. ती तात्यांची बायको. अकरा दिवस रोज ठेवते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकीतून, शेजारातून जेवण येतं. ही रीत इथंही आहे आणि आमच्याकडेही. पण जळालेल्या घरासाठी ती पाळणारी गावात एकटी तीच होती. आणि वहिनी त्या डब्याला शिवत नव्हत्या. डबा संध्याकाळी शेजारच्या गाईपुढं जायचा.

“अपराध वाटतोय म्हणून देत्यात,” त्या म्हणाल्या. “न्हायतर कोण एवढं करतंय, भावजी? आग लागली तवा तात्याच पयले धावून आले. आत शिरले, बुद्धाची मूर्ती बाहेर काढली. आपल्या हातनं झालंय हे ठाव असल्याबिगर कोण एवढं आगीत शिरतंय?”

मला त्यांचं म्हणणं पटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण पटलं.

दिवसभर भेटायला येणारे येत होते. मी मोजत होतो. चौदा जण आले, त्यांतले नऊ म्हणाले की माणसं वाचली हेच नशीब. तिघं म्हणाले, आता आरसीसी बांधा, पत्र्याचं नको. एकानं सांगितलं की तहसीलची मदत अमुक दिवसांत यायला हवी, तलाठ्याला विचारा. एक जण फक्त रस्ता चुकून आल्यासारखा बसून गेला. घर कसं होतं, त्यात काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. मिलिंद प्रत्येकाला ‘व्हय, व्हय’ म्हणत होता. मयताच्या घरी बायका गळ्यात पडून रडतात, पुरुष खाली मान घालून बसतात. इथं सगळे सल्ला देऊन चहा पिऊन जात होते.

मीही त्याला विचारलं ते विम्याचंच.

“न्हवता,” तो म्हणाला. “आबांनी बांधलेल्या जुन्या भागावर मी नवं चढवलं. इमा काढायचा ऱ्हायला.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “कुणी सांगितलं तुला?”

एसटीतल्या माणसानं, असं मी सांगितलं नाही. पंचनाम्याची प्रत मागितली. तलाठ्यानं दुसऱ्याच दिवशी दोन पंच घेऊन पंचनामा केला होता. भांडी, कपाट, दोन पलंग, टीव्ही, कागदपत्रं, धान्य, लाकडी वासे, पत्रे; आगीचं कारण : अज्ञात. एका पानात घर संपलं होतं. मुलीची प्रमाणपत्रं जळालेली. ती पुण्याला शिकते, तिच्या कॉलेजातून दुसऱ्या प्रती मागवल्या होत्या. खाली घरमालकाची सही हवी होती. जागा कोरी होती.

“यादी बरोबर आहे ना?” मी विचारलं.

“बरोबर हाय.”

“मग सही?”

गिरणी सुरू झाली. ती बंद होईपर्यंत तो उठून गेला होता.

रविवार : घराची जागा

सकाळी त्याला न सांगता मी एकटाच निघालो. जागा गावाबाहेर आहे, खोल्यांपासून सातशे पावलांवर. कुंपणाला कुलूप होतं, म्हणून मी बाहेरूनच फिरलो.

पूर्वेला तात्यांचं रान. ते खरंच जळालेलं होतं, पण त्यांचं रान आणि घर यांच्यामधे पाण्याची चारी वाहते आणि चारीच्या पलीकडच्या काठाला त्यांचाच हिरवा मका उभा आहे. मक्याचं एक पानही करपलेलं नव्हतं. तात्यांच्या रानाच्या कडेपासून घरापर्यंत मी पावलं टाकली : एकशे चाळीस. मग लिंबाचं झाड पाहिलं. ते अर्धं करपलेलं होतं, पण पश्चिमेच्या बाजूनं. पूर्वेच्या फांद्यांना कोवळी पालवी होती. आणि वारा? आदल्या दिवशी दुपारी गिरणीच्या दारातलं पीठ कुठं उडतं ते मी पाहिलं होतं. पूर्वेकडे.

आग पश्चिमेकडून आली होती. पश्चिमेला होतं ते मिलिंदचं स्वतःचं रान. तेही काळं होतं. रानाच्या कडेपासून मागच्या अंगणातल्या कडब्याच्या गंजीच्या जागेपर्यंत बावीस पावलं, आणि गंजीच्या जागेपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत, कुंपणाबाहेरून नजरेनं मोजलेली, चार.

मी वही काढून लिंबाखाली लिहीत होतो तेव्हा मागून कुलूप उघडल्याचा आवाज आला. मिलिंद रोज या वेळी तिथं यायचा, हे मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्या हातातली वही पाहिली. पानावर बाण काढलेला होता, वाऱ्याचा.

“सुरेश, तू भेटायला आलायस का तपासायला?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

“तपासायला आला आसशील तर तपास आन् जा,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “चौदा माणसं आली काल. तू मोजलीस, मी बगितलं. एकाला तरी माझं घर दिसलं का? माणूस गेलं आसतं तर रडायची परवानगी आसती मला. घर गेलं तर म्हणत्यात नशीबवान हाय.”

वही मी पिशवीत ठेवली. पिशवीत फोटोंचं पाकीट होतं. मी विचार करून काही केलं असं म्हणणार नाही. एवढंच सुचलं की मी कुंपणातून आत गेलो आणि जिथं उंबरा होता तिथं उभा राहिलो. दगडी उंबरा तेवढा शाबूत होता.

“मी दारात आहे,” मी म्हटलं. “आत घे मला.”

त्याला कळायला वेळ लागला. मग तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि सवयीनं वाकला, चपला काढायला. राखेत खिळे आणि काचा होत्या. मी त्याचा दंड धरला. तो सरळ झाला.

“उजव्या हाताला आबांची खुर्ची,” तो म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील. ते चार वर्षांमागं गेले. “एक पाय आखूड हुता. खाली पुठ्ठा घालून ठेवायचे. मी नवी आणली तर बसले न्हाईत.”

“पुठ्ठा कशाचा?”

“चपलांच्या खोक्याचा.” तो पहिल्यांदा हसला. “समोर कोपऱ्यात वंदनेची जागा. डावीकडं भिंत.” तिथं थांबला. “त्या भिंतीवर पोरीची उंची पेन्सिलनं लिहायचो दर वाढदिवसाला. शेवटची पाच फूट एक. ते पंचनाम्यात कुठं लिहितू तलाठी?”

मी विचारत गेलो, तो सांगत गेला. आम्ही राखेतून एक एक खोली पार केली. कपाट कुठं, त्यात काय, वरच्या फळीवर काय, खालच्या फळीवर काय. पंचनाम्यात ‘कपडे व अंथरूण’ असा एक शब्दसमूह होता. त्यात आईच्या लुगड्यांची गोधडी होती, तिचा निळा तुकडा लग्नातल्या लुगड्याचा. ‘कागदपत्रे’ या शब्दात आबांनी शाळेत शिकवायला लागल्यापासून लिहिलेल्या सव्वीस वह्या होत्या. त्यांच्या वडलांना शाळेच्या बाहेर बसावं लागलं होतं, म्हणून ते प्रत्येक दिवशी काय शिकवलं ते लिहून ठेवत. मी फोटो काढून एकेक दिला, ज्या खोलीत उभे होतो तिचा. बैठकीच्या खोलीचा फोटो त्यानं डोळ्यांजवळ नेला. आबांच्या वेळची ती जुनी भिंत त्यात होती, तोवरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसट, पण होत्या. तो राखेतच खाली बसला आणि रडला. मी शेजारी बसलो. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं असं नाही, पण तोंडाशी येणारी सगळी वाक्यं ‘निदान’ या शब्दानं सुरू होत होती.

बऱ्याच वेळानं आम्ही स्वयंपाकघरात आलो. आता फक्त मागचं अंगण राहिलं होतं.

“मागचं दार कुठं उघडायचं?” मी विचारलं. खरं सांगतो, या वेळी तपासायला विचारलं नव्हतं. घर पुरं बघायचं होतं.

“गंजीकडं.” तो उभा राहिला. “त्या दिवशी सकाळी सहाला मी पाचट पेटवलं. आठपर्यंत जळून गेलं. चार बादल्या पाणी मारलं, हात लावून बघितलं, गार लागलं. मोटर लावून रान भिजवायला पायजे हुतं, पण आठवडाभर रानातली लाइट दुपारची हुती. म्हटलं कामावर जाऊन येतो, मग भिजवतो. उसाच्या बुडख्यात निखारा ऱ्हातो सुरेश, वरनं कळत न्हाय. दुपारी वारं सुटलं. तात्यांनी त्याच दिवशी बाराला त्यांचं पेटवलं, म्हणून गावानं धूर त्यांचा बघितला.”

“वहिनींना?”

“कुणालाच न्हाय सांगितलं. म्हणून कुलूप. कुणी आत शिरून आग मागनं कशी आली ते बघू नये म्हणून. मीच जाळलं ते घर, मग मी कुठल्या तोंडानं रडू त्याच्यासाठी?”

आमच्याकडे मे महिन्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. मी दहा वर्षांचा असताना वडलांनी राब भाजला आणि जेवायला घरी आले. वाऱ्यानं निखारे उडून शेजाऱ्यांची गवताची उडवी, म्हणजे गंजी, जळून गेली. त्यानंतर सबंध पावसाळा वडील कुणाशी धड बोलले नाहीत. हे मी त्याला सांगितलं. त्यांची चूक होती आणि तुझीही आहे, हेही सांगितलं. खोटं बोलून धीर द्यायला मला येत नाही.

“घर चांगलं होतं, मिलिंद,” मी म्हटलं. “त्यासाठी रडायचा हक्क तुझा आहे, ते कुणाच्याही हातनं गेलेलं असो. पण उद्या तात्यांवर तक्रार जाते आहे. ते होऊ द्यायचा हक्क तुला नाही.”

त्यानं मान हलवली. कुंपणाचं दार उघडंच टाकून आम्ही चारीवरच्या फळीवरून पलीकडे गेलो.

तात्या मक्याला पाणी देत होते. सत्तरीचे, सडपातळ. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग, अजून गुलाबी. मिलिंदनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तात्यांनी खोऱ्यानं सरीचं मातीचं दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडलं, मग वर बघितलं.

“मला ठाव हाय की. मी पयला आलो, तवा तुझं रान धुमसत हुतं.”

“मग बोलला का न्हाईत तात्या? गाव तुमाला नावं ठेवतंय बारा दिस.”

“घर गेलं तुझं. वर तुझ्याच हातनं गेलं, आसं मी सांगत सुटू व्हय? लोकं काय, चार दिस बोलत्याल. मला बोलणं ऐकून माघारी जायाला घर हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हे पावणं सकाळधरनं माझ्या रानात पावलं टाकत हुतं. मोजणी आली का काय, म्हटलं. बांध सरकला की न्हाय आमचा?”

माझं तोंड उतरलं असावं. तात्या हसले आणि पुन्हा खोरं हातात घेतलं.

सोमवार : परत

रविवारी संध्याकाळी मिलिंदनं वहिनींना सांगितलं तेव्हा मी बाहेर गिरणीच्या कट्ट्यावर बसून होतो. आतून आवाज आला नाही. सकाळी अनिल तक्रारीचा कागद टाइप करून घेऊन आला. खरं काय ते ऐकल्यावर त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली, मला म्हणाला, “बरं समजवलंत भावजी,” आणि चहा न घेता गाडीला किक मारली. त्याचा राग मला रास्त वाटला. तेरा दिवस तो बहिणीसाठी धावला होता.

आम्ही दोघं तलाठी कार्यालयात गेलो. मिलिंदनं पुरवणी जबाब दिला : आगीचं कारण, माझ्याच शेतातील पाचट, शेजाऱ्यांचा संबंध नाही. तलाठी म्हणाले, यानं मदतीच्या प्रकरणात प्रश्न निघू शकतात, पाचट जाळल्याबद्दल नोटीसही येऊ शकते. विचार करून सही करा. मिलिंदनं आधी पंचनामा मागितला. यादीखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात तीन ओळी घातल्या : लाकडी खुर्ची एक, गोधडी एक, वह्या सव्वीस. किंमत या रकान्यात रेघ मारली. मग दोन्ही कागदांवर सही केली. तलाठ्यांनी त्या ओळी वाचल्या आणि खोडायला सांगितल्या नाहीत.

माझी गाडी दीडची. त्याआधी आम्ही शेवटचं एकदा जागेवर गेलो. जेसीबीवाल्याला मिलिंदनं बुधवारी बोलावलं होतं. उंबरा तेवढा काढून ठेव, असं सांगितलं होतं. तिथून निघताना मी मान खाली घालून, काही न म्हणता बाहेर पडलो, जसं आमच्याकडे मयताच्या घरातून निघतात. मिलिंदच्या ते लक्षात आलं. तोही तसाच निघाला. कुलूप त्यानं खिशात टाकलं.

खोल्यांवर आलो तर लांबूनच ओळखीचा आवाज येत होता, भाकरी थापल्याचा. वहिनींचे डोळे सुजलेले होते. आमच्या घरचा तवा चुलीवर होता आणि शेजारी तात्यांच्या बायकोचा डबा घासून पालथा घातलेला. पहिल्या तीन भाकरी त्यांनी त्या डब्यात घातल्या, वर फडकं बांधलं आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमीच नेऊन द्या.” मिलिंद डबा घेऊन गेला. त्यांच्यात काय मिटलं आणि काय राहिलं, हे मला माहीत नाही आणि मी अंदाज बांधणार नाही.

चौथी भाकरी माझ्या ताटात आली. ती तव्याला चिकटली नव्हती. जेवून मी पिशवी उचलली आणि सवय अंगात भिनलेली, म्हणून इथूनही गप्प बाहेर पडलो. गिरणी सुरू होती. वहिनी पिठाच्या हातांनी दारापर्यंत आल्या आणि गिरणीचा आवाज थांबेपर्यंत मला उभं केलं.

“भावजी, ह्यांनी सांगितलं मला. तितनं न बोलता निघालात, ते बरोबर केलंत,” त्या म्हणाल्या. “हितनं येतो म्हणून जा.”

“येतो,” मी म्हटलं.